चल सरासरी लावली तरी उन्हाळ्याचा डोंगर जात नाही: मासिक विक्रीसाठी सरासरी किती महिन्यांची घ्यावी?

तक्रार बहुतेक वेळा एकाच तऱ्हेची असते. दुकानाची महिनावार विक्री एक्सेलमध्ये तीन-चार वर्षांची भरलेली आहे. आलेख काढला की तो करवतीच्या दातांसारखा दिसतो. धंदा वाढतोय की घसरतोय हे कळावं म्हणून त्यावर चल सरासरीची, म्हणजे मूव्हिंग अॅव्हरेजची रेष टाकली जाते. रेष थोडी गुळगुळीत होते, पण उन्हाळ्यात चढते आणि पावसाळ्यात उतरते ती उतरतेच. मग ३ महिन्यांच्या जागी ५, ५ च्या जागी ६, कुणी थेट १८ घालून बघतं. दर वेळी रेषेचा आकार बदलतो, आणि कुठल्या आकारावर विश्वास ठेवायचा हे काही केल्या ठरत नाही.

थोडक्यात उत्तर असं: आकडे महिनावार असतील आणि हंगाम वर्षाचा असेल, तर सरासरी १२ महिन्यांचीच घ्यायची. सरासरीत एका वेळी जितके सलग महिने घेतो ती विंडो. रेष किती गुळगुळीत दिसते यावर विंडोची लांबी ठरत नाही, हंगामाची फेरी किती महिन्यांत पूर्ण होते यावर ठरते. मात्र १२ घेतल्यावरही रेष चार-पाच ठिकाणी फसवते. ती ठिकाणं ओळखता आली नाहीत तर बरोबर विंडो घेऊनही निष्कर्ष चुकतो.

आधी एक कोरडी कसोटी

खऱ्या आकड्यांवर विंडो तपासायला गेलं की गोंधळ होतो, कारण रेषेतला चढ खरा आहे की उरलेला हंगाम आहे हे तिथे सांगता येत नाही. म्हणून आधी आपणच बांधलेल्या आकड्यांवर तपासा, जिथे खरं उत्तर आधीच माहीत आहे. सीताबर्डीसारख्या भागातलं कूलर, फ्रिज, मिक्सर विकणारं एक दुकान कल्पनेनं घेऊ. नागपुरात कूलरची खरेदी मार्चपासून चढते आणि पाऊस लागला की बसते. पुढे दिवाळीला फ्रिज-वॉशिंग मशीनचा दुसरा, लहान हंगाम येतो. उदाहरणासाठी महिन्याची विक्री लाख रुपयांत अशी धरू:

| महिना | विक्री | महिना | विक्री |
|---|---|---|---|
| जानेवारी | १५ | जुलै | १२ |
| फेब्रुवारी | १८ | ऑगस्ट | १४ |
| मार्च | २६ | सप्टेंबर | १६ |
| एप्रिल | ३२ | ऑक्टोबर | २५ |
| मे | २९ | नोव्हेंबर | १९ |
| जून | १९ | डिसेंबर | १५ |

वर्षाची बेरीज २४०, म्हणजे महिन्याला सरासरी २० लाख. आता हेच बारा आकडे एकाखाली एक तीन वेळा चिकटवा. तीन वर्षं झाली, आणि या तीन वर्षांत धंदा वाढलाही नाही, घटलाही नाही. कल काढणारी कुठलीही रेष इथे २० वर सपाट चालली पाहिजे. ती हलली, तर जेवढी हलली तेवढा हंगाम तिनं आत येऊ दिला.

३ महिन्यांची सरासरी, मधल्या महिन्यावर मांडलेली: एप्रिलला २९, ऑगस्टला १४. मूळ आकडे १२ ते ३२ या पट्ट्यात फिरत होते, आता १४ ते २९ मध्ये फिरतात. हंगामाचा पाऊण भाग तसाच राहिला. महिन्या-महिन्याची किरकिर तेवढी कमी झाली, म्हणून रेष सुधारल्यासारखी वाटते.

६ महिन्यांचा मोह या दुकानाला विशेष पडतो, कारण वर्षात दोन हंगाम दिसतात. एक एप्रिल-मेचा, दुसरा ऑक्टोबरचा, आणि दोहोंत साधारण सहा महिन्यांचं अंतर. म्हणून ६ महिन्यांत एक फेरी संपते असा समज होतो. ती संपत नाही, कारण दिवाळीचा चढ उन्हाळ्याएवढा उंच नाही. फेरी पूर्ण झाली असं तेव्हाच म्हणता येतं, जेव्हा तोच आकडा परत येतो, आणि एप्रिलचे ३२ परत येतात ते पुढच्या एप्रिललाच. हिशेब करून बघा: जानेवारी ते जूनची सरासरी २३.२ येते, जुलै ते डिसेंबरची १६.८. सपाट धंद्यावर रेष दर वर्षी सहा लाखांहून जास्त वर-खाली होते. जूनअखेर ही रेष बघणाऱ्याला धंदा वाढला असं वाटेल आणि डिसेंबरअखेर बघणाऱ्याला तो कोसळला असं.

१२ महिन्यांची सरासरी कुठूनही सुरू करा, २० च येते. बारा सलग महिन्यांत प्रत्येक महिना नेमका एकदा येतो, त्यामुळे जुलैचा खड्डा आणि एप्रिलचा डोंगर नेहमी सोबतच मोजले जातात. आर्थिक वर्ष एप्रिलपासून धरता की जानेवारीपासून, यानं इथे काही फरक पडत नाही.

आता ११ आणि १३ बघा, कारण ‘मधला महिना मिळावा म्हणून विषम संख्या घ्या’ असा सल्ला सर्रास मिळतो. १३ महिन्यांत एक महिना दोनदा येतो. एप्रिल दोनदा आला तर सरासरी २०.९, जुलै दोनदा आला तर १९.४. ११ मध्ये उलटं होतं, एक महिना सुटतो. एप्रिल सुटला की १८.९, जुलै सुटला की २०.७. लाट लहान आहे, पण आहे, आणि खऱ्या आकड्यांत ती कलाचा भाग समजून वाचली जाते.

सगळ्यांत वाईट १८. रेष छान गुळगुळीत दिसते आणि म्हणूनच फसवते. १८ महिन्यांत एक पूर्ण वर्ष आणि वर अर्धं वर्ष येतं. जानेवारीपासून पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंतची सरासरी २१.१ येते, आणि या अठरा महिन्यांचा मध्य पडतो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर. जुलैपासून पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंतची येते १८.९, तिचा मध्य मार्च-एप्रिलवर. म्हणजे रेष उन्हाळ्याच्या तोंडाशी तळाला जाते आणि पावसाळा सरताना शिखरावर. हंगाम नुसता उरला नाही, तो उलटा झाला. रेषेचं शिखर आणि विक्रीचं शिखर वर्षाच्या विरुद्ध टोकांना दिसत असतील, तर विंडो १२ च्या पुढे पण २४ च्या अलीकडे कुठेतरी आहे, हे ओळखून घ्या.

२४ महिन्यांनीही हंगाम पूर्ण जातो. पण त्यासाठी निदान पाच-सहा वर्षांचे आकडे हवेत, आणि रेष इतकी सावकाश वळते की दुकानाच्या निर्णयांना तिचा फारसा उपयोग नसतो.

खऱ्या आकड्यांवर उरलेला हंगाम शोधायचा असेल तर रेषेचेच आकडे महिन्यानुसार गटात टाका: सगळ्या वर्षांतले एप्रिलचे रेषेवरचे आकडे एकीकडे, ऑक्टोबरचे दुसरीकडे. धंदा फारसा वाढत-घटत नसताना एप्रिल दर वर्षी वर आणि ऑक्टोबर दर वर्षी खाली दिसला, तर विंडो चुकली आहे.

एक्सेलमध्ये रेष कुठे मांडली जाते

आलेखावर राइट क्लिक करून `Trendline` मधून `Moving Average` निवडलं की एक्सेल `Period` मध्ये आपणहून २ धरतं. ते १२ करा. पण याहून मोठी गोष्ट अशी की ही रेष मागच्या बारा महिन्यांची सरासरी शेवटच्या महिन्यावर मांडते. जानेवारी ते डिसेंबरची सरासरी डिसेंबरवर दिसते, पण तिचा खरा मध्य जून आणि जुलैच्या मध्ये आहे. म्हणजे रेष साडेपाच महिने मागे चालते. विक्रीची पातळी दर महिन्याला ०.२ लाखानं वाढत असेल तर ही रेष कायम १.१ लाख खाली दिसेल. अनेकांना वाटतं सरासरीचं सूत्र चुकलं. सूत्र बरोबर असतं, फक्त रेषेची जागा सरकलेली असते.

तारखा `A` मध्ये, विक्री `B` मध्ये आणि पहिला महिना `B2` मध्ये असेल, तर मागची सरासरी `C13` मध्ये अशी लिहा आणि खाली ओढा:

```
=IF(COUNT(B2:B13)=12,AVERAGE(B2:B13),NA())
```

मध्यावर मांडलेली हवी असेल तर अडचण येते, कारण बारा महिन्यांना मधला महिना नाही. उपाय जुना आहे: एकमेकींना लागून असलेल्या दोन बारा-महिनी सरासऱ्या काढायच्या आणि त्यांची सरासरी घ्यायची. `D8` मध्ये:

```
=(AVERAGE(B2:B13)+AVERAGE(B3:B14))/2
```

यात तेरा महिने येतात, पण पहिल्या आणि तेराव्या महिन्याला अर्धंच वजन मिळतं. ते दोन्ही एकाच नावाचे महिने, दोन जानेवारी समजा, म्हणून दोन अर्धे मिळून एकच जानेवारी होतो. वरच्या कसोटीवर हे सूत्र तपासा, रेष २० वर सपाट राहते. साध्या १३ महिन्यांच्या सरासरीत आणि हिच्यात फरक आहे तो एवढाच, पण तोच महत्त्वाचा.

दोन्ही रेषांचं काम वेगळं आहे. झालं-गेलं समजून घ्यायचं असेल, पूर्वीचा कल बघायचा असेल, तर मध्यावरची रेष. तिला दोन्ही टोकांना सहा-सहा महिने मिळत नाहीत. ते भरून काढायला टोकाशी विंडो लहान करू नका, कारण लहान झाली की त्या टोकाला हंगाम परत शिरतो, आणि नेमकं शेवटचं टोकच सगळे बघतात. आज कुठे आहोत हे हवं असेल तर मागची रेष घ्या, साडेपाच महिन्यांचा उशीर मान्य करून.

पायथनच्या पांडासमध्ये काम करणाऱ्यांसाठी तीच मध्यावरची रेष:

```python
m12 = s.rolling(12).mean()
kal = m12.rolling(2).mean().shift(-6)
```

इथे `min_periods=1` घालायचा मोह टाळा. त्यानं सुरुवातीची रिकामी जागा भरते खरी, पण पहिला आकडा एकट्या जानेवारीचा, दुसरा दोन महिन्यांचा असं होत पहिले अकरा महिने रेष हंगामाच्याच वाटेनं चालते.

रेष का हलली हे एका वजाबाकीत कळतं

बारा महिन्यांची मागची सरासरी एक महिना पुढे सरकली की एक आकडा आत येतो आणि एक बाहेर जातो. बाहेर जाणारा आकडा नेहमी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा असतो. म्हणून:

```
नवी सरासरी = जुनी सरासरी + (या महिन्याची विक्री − गेल्या वर्षी याच महिन्याची विक्री) ÷ 12
```

पुढच्या बहुतेक घोटाळ्यांचं मूळ या एका ओळीत सापडतं. रेष खाली आली तर त्याची कारणं दोन असू शकतात: या महिन्यात विक्री कमी झाली, किंवा गेल्या वर्षीचा हा महिना अवाजवी मोठा होता. रेष दोन्हींत फरक करत नाही. तो आपण करायचा.

समजा ऑगस्टमध्ये एका वसतिगृहाची २४ लाखांची एकदाची ऑर्डर आली. १४ च्या जागी ३८ लाख झाले. रेष २० वरून २२ वर उडी मारते, पुढच्या जुलैपर्यंत २२ वरच राहते आणि पुढच्या ऑगस्टला सरळ २० वर पडते. आलेखावर हे टेबलासारखं दिसतं: उभी कड, सपाट माथा, बरोबर बारा महिन्यांनी दुसरी उभी कड. दुसरी कड पाहून या ऑगस्टमध्ये काय बिघडलं याचा शोध सुरू होतो. या ऑगस्टमध्ये काहीच बिघडलेलं नसतं, ती गेल्या वर्षीची ऑर्डर विंडोतून बाहेर पडली एवढंच. रेषेत एकाएकी कड दिसली की पहिल्यांदा बारा महिने मागचा आकडा बघा. अशा ऑर्डरी वेगळ्या स्तंभात ठेवा आणि सरासरी किरकोळ विक्रीचीच काढा. एकूण विक्रीच्या हिशेबात ऑर्डर राहतेच.

याच सूत्रातून किती हालचाल दुर्लक्षित करायची हेही निघतं. हंगाम वजा केल्यावर महिन्याची विक्री साधारण २ लाखांनी इकडे-तिकडे होत असेल, म्हणजे तेवढं प्रमाण विचलन असेल, तर नुसत्या योगायोगानं ही रेष महिन्याला जवळपास पाव लाखानं हलते. त्यामुळे एका महिन्यात ०.२ किंवा ०.३ लाखांची हालचाल म्हणजे बातमी नव्हे. सलग सहा महिने एकाच दिशेला गेली तर मात्र थांबून बघावं. नाणं सहा वेळा उडवून सहाही वेळा एकच बाजू पडावी, इतकं ते विरळ आहे.

दिवाळी ऑक्टोबरात की नोव्हेंबरात

बारा महिन्यांत प्रत्येक महिना एकदा येतो, पण प्रत्येक सण एकदा येतोच असं नाही. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये श्रावण अधिक आल्यानं ते १२ नोव्हेंबरला गेलं. आता नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ हे बारा महिने मोजा. यात एकही दिवाळी नाही. आणि नोव्हेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४ यांत दोन आहेत, कारण २०२४ ची दिवाळीची खरेदी ऑक्टोबरातच झाली.

आपल्या उदाहरणात दिवाळीची जास्तीची विक्री ९ लाख धरू, आणि सोयीसाठी ती सगळी एकाच महिन्यात पडते असं समजू. दिवाळी ऑक्टोबरात असेल तर ऑक्टोबर २५, नोव्हेंबर १९. नोव्हेंबरात असेल तर १६ आणि २८. बेरीज दोन्हीकडे ४४ च. पण ऑक्टोबर २०२३ ला रेष ०.७५ नं खाली येते, १९.२५ वर, आणि नोव्हेंबरला पुन्हा २० वर जाते. ऑक्टोबर २०२४ ला उलटं, २०.७५ वर चढून परत खाली. महिनाभराचा हा खड्डा नि उंचवटा धंद्याचा नाही, पंचांगाचा आहे.

उपाय सोपा आहे. सरासरी काढण्यासाठी एक वेगळा स्तंभ करा आणि त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरची बेरीज दोघांत अर्धी-अर्धी वाटून घाला. दोन्ही वर्षी २२ आणि २२ येतील आणि रेष सपाट राहील. मूळ स्तंभाला हात लावू नका, कारण मालाची मागणी नोंदवायला खरा महिनाच लागतो. एवढं करायचं नसेल तर निदान ऑक्टोबरअखेरच्या रेषेवरून काही ठरवू नका, नोव्हेंबरचा आकडा येऊ द्या. २०२६ मध्येही अधिक महिना आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे ऑक्टोबर २०२६ ला संपणाऱ्या विंडोत पुन्हा दिवाळी नसेल.

उन्हाळा लांबला किंवा लवकर आला तरी असंच होतं. कूलरची खरेदी एप्रिलमधून मेमध्ये सरकली की रेष एका महिन्यापुरती खाली जाऊन वर येते. दोन महिन्यांची बेरीज गेल्या वर्षीच्या त्याच दोन महिन्यांशी ताडून पाहिली की शंका मिटते.

रिकाम्या पेशी

हा दोष सगळ्यांत कंटाळवाणा, आणि सापडायला सगळ्यांत उशीर लागतो. `AVERAGE` रिकामी पेशी सोडून देतं. जुलैचा आकडा भरायचा राहिला तर बाराऐवजी अकरा महिन्यांची सरासरी निघते, २० च्या जागी २०.७, आणि ती पूर्ण एक वर्ष तशीच राहते. आकडा मजकूर म्हणून भरला गेला असेल, मागे-पुढे जागा राहिली किंवा ‘१२ लाख’ असं लिहिलं, तरी तेच होतं. वरच्या सूत्रातलं `COUNT` याच कारणासाठी आहे: बारा आकडे नसतील तर पेशीत `#N/A` येतं आणि चूक डोळ्यांना दिसते. तिथे `NA()` च्या जागी `""` लिहू नका, एक्सेल ते आलेखावर शून्य म्हणून काढतं.

महिन्याची ओळच नसेल तर `COUNT` ला ते कळत नाही. बारा ओळी तेरा महिन्यांवर पसरतात, एक महिना दोनदा येतो आणि १३ च्या विंडोतली ती लहान लाट परत दिसू लागते. `A` मध्ये दर महिन्याची १ तारीख ठेवा आणि शेजारी हे सूत्र खालपर्यंत ओढा. जिथे `FALSE` येईल तिथे ओळ गाळलेली आहे:

```
=A3=EDATE(A2,1)
```

इतका उशीर परवडत नसेल तर

समजा जुलैत समोरच दुसरं दुकान उघडलं आणि विक्रीची पातळी एका महिन्यात २० वरून १७ वर आली. मागची बारा-महिनी रेष हे कसं दाखवेल? दर महिन्याला पाव लाखानं उतरत, पुढच्या जूनपर्यंत. बघणाऱ्याला वाटेल धंदा वर्षभर हळूहळू झिजतोय, आणि तो पुढच्या वर्षीही झिजेल असं गृहीत धरेल. प्रत्यक्षात घसरण एकाच महिन्यात होऊन संपलेली असते. मध्यावरची रेष तर आणखी विचित्र वागते: दुकान उघडण्याच्या सहा महिने आधी, जानेवारीतच ती उतरू लागते, कारण जानेवारीच्या सरासरीत जुलैचा वाटा आहे. रेष कधी वळली यावरून कारण कधी घडलं हे ठरवू नका, मूळ आकड्यांकडे जा.

लवकर कळायला हवं म्हणून विंडो ३ करणं हा उपाय नाही हे वर दिसलंच. क्रम बदला: आधी हंगाम काढून टाका, मग ३ महिन्यांची सरासरी घ्या. हंगाम गेला की बाराची सक्ती उरत नाही.

त्यासाठी प्रत्येक महिन्याची मूळ विक्री वजा मध्यावरची रेष असा फरक काढा. मग सगळ्या वर्षांचे एप्रिलचे फरक एकत्र करून त्यांची सरासरी घ्या, तसंच प्रत्येक महिन्याचं. वर्षं चार-पाच असतील तर सरासरीऐवजी मध्यक बरा, एखादं विचित्र वर्ष सगळं ओढून नेत नाही. शेवटी या बारा आकड्यांची बेरीज शून्य यावी म्हणून, जी काही बेरीज उरेल तिचा बारावा भाग प्रत्येकातून वजा करा. आपल्या दुकानासाठी हे आकडे असे निघतात: एप्रिल +१२, मे +९, जुलै −८, ऑगस्ट −६, सप्टेंबर −४, आणि असेच बाकीचे. तीन वर्षांच्या आकड्यांतून मध्यावरची रेष फक्त दोन वर्षांची मिळते, म्हणजे प्रत्येक महिन्याला दोनच फरक. त्यावर फार विसंबता येत नाही. पाच वर्षं असतील तर चार मिळतात आणि काम भागतं.

आता समोरचं दुकान उघडल्यानंतरचे महिने घ्या: जुलै १०, ऑगस्ट १०, सप्टेंबर १३. हंगाम काढला की १८, १६ आणि १७. तिघांची सरासरी १७. सप्टेंबरअखेरच नवी पातळी समोर येते. त्याच दिवशी बारा महिन्यांची मागची रेष १९.२५ वर असते, अजून पाऊण वाट उतरायची बाकी.

मोठ्या वर्षी उन्हाळ्याचा डोंगरही मोठा होत असेल, म्हणजे पातळी दुप्पट झाली की एप्रिलचा चढही दुप्पट, तर वजाबाकीऐवजी भागाकार करा. विक्री भागिले मध्यावरची रेष, मग महिन्यानुसार सरासरी, आणि बारांची बेरीज १२ येईल असं जुळवून घ्या. कुठलं लागू आहे हे पाहायला जुन्या आणि नव्या वर्षांचे एप्रिलचे फरक शेजारी ठेवले तरी पुरे. पातळीबरोबर ते वाढत गेले असतील तर भागाकार, साधारण तेवढेच राहिले असतील तर वजाबाकी.

दिवाळीचा स्तंभ इथेही अर्धा-अर्धा केलेलाच वापरा, नाहीतर ऑक्टोबरच्या हंगामी आकड्यात दिवाळीची आणि बिनदिवाळीची वर्षं मिसळून तो कुठल्याच वर्षाला लागू पडत नाही. हंगामी आकडे वर्षातून एकदा, डिसेंबरचा हिशेब पूर्ण झाल्यावर नव्यानं काढा. महिन्या-महिन्याला बदलले तर मागची सगळी रेष दर वेळी थोडी सरकते, आणि मागच्या महिन्यात १७ म्हणून दाखवलेला आकडा या महिन्यात १७.४ का झाला, याचं उत्तर देत बसावं लागतं.